आंब्याच्या खोक्यातली जर्मन: हर्णैच्या घरातल्या नोंदी

३ जून २०२५

भाची नर्सिंगचा डिप्लोमा करून आमच्याकडे हर्णैला राहायला आली आहे. जर्मनीत नर्स म्हणून जायचं आहे आणि त्यासाठी आधी भाषेची बी-१ पातळी गाठायची आहे, म्हणून तिने क्लास लावलाय. क्लासवाले दर आठवड्याला साठ शब्दांची यादी देतात आणि पुढच्या आठवड्यात ती तोंडपाठ घेतात. मागच्या आठवड्याची यादी तिने माझ्यासमोर घडाघडा म्हटली, एकही अडखळ नाही. मग मी तिच्या हातातला कागद घेतला आणि खालून, मधून, कुठूनही विचारायला लागलो. साठांपैकी एकोणीस आले.

ती रडकुंडीला आली. "मामा, आत्ताच तर येत होतं मला!" येत होतं ते खरंच, पण एका शब्दाला आधीच्या शब्दाचा टेकू होता. पाढा मधूनच विचारला की मूल सुरुवातीपासून म्हणू लागतं, तसंच हे. तिकडे वॉर्डात पेशंट काही यादीच्या क्रमाने बोलणार नाही.

बी-१ साठी जी अधिकृत शब्दसूची मिळते तिच्यात जवळपास २४०० शब्द आहेत. दिवसाला दहा धरले तर आठ महिने. शिकण्याचं एक वेळ जमेल, पण जूनमधला शब्द फेब्रुवारीत डोक्यात असायला हवा, तो कसा टिकवायचा?

५ जून

मोबाइलवर यासाठी अ‍ॅप आहेत, चांगली आहेत, फुकटही आहेत. पण तिचा मोबाइल हातात आला की अर्धा तास भलतीकडेच जातो हे तिनेच सांगितलं. शिवाय माझं झेरॉक्सचं दुकान आहे, जाड कागद आणि कटर हाताशी. म्हणून कागदावरच करायचं ठरलं.

पद्धत जुनी आहे. झेबास्टियान लाइटनर नावाच्या लेखकाने १९७०च्या दशकात ती लोकांपुढे मांडली. एक खोका, त्यात पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की एक कप्पा पुढे, चुकलं की थेट पहिल्यात. पुढचा कप्पा मागच्यापेक्षा उशिरा उघडायचा. म्हणजे जे येतं ते क्वचित भेटतं आणि जे येत नाही ते रोज दारात उभं.

हापूसचा पुठ्ठ्याचा खोका मोकळा होताच. ए-फोर कागदाची आठ कार्डं पाडली. समोर मराठी, मागे जर्मन, आणि नामाबरोबर त्याचं लिंग दाखवणारं उपपद लिहायचंच: डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते.

कोणता कप्पा कधी उघडायचा याचं सोळा दिवसांचं चक्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर आखलं. पहिला कप्पा रोज. विषम दिवशी त्याच्या जोडीला दुसरा. चक्राच्या २, ६, १०, १४ या दिवशी तिसरा. ४ आणि १२ ला चौथा. ८ ला पाचवा. सोळाव्या दिवशी फक्त पहिला. असं केलं की कुठल्याही दिवशी दोनपेक्षा जास्त कप्पे उघडावे लागत नाहीत. आखल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही, ते पुढे येईलच.

६ जून

चक्राचा पहिला दिवस, पंधरा नवी कार्डं. एकच नियम घातला: कार्ड उलटायच्या आधी उत्तर मोठ्याने म्हणायचं, उपपदासकट. उलटून बघितल्यावर "हां, हेच म्हणणार होते मी" चालणार नाही. नुसतं वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा घोळ होतो. डोक्यातून ओढून काढावं लागलं तरच त्या कार्डाचा उपयोग.

अंतर वाढवत का न्यायचं, हे तिला एबिंगहाउसच्या आकड्यांवरून सांगितलं. या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, काही काळाने त्याच पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या वेळी किती कष्ट वाचले ते मोजून १८८५ साली छापलं. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश कष्ट वाचत होते, महिन्यानंतर साधारण एक पंचमांश. म्हणजे मोठी पडझड पहिल्या दिवसातच होते, पुढे ती मंदावते. म्हणून पहिली उजळणी लगेच उद्या. ती झाली की पडझडीचा वेग कमी होतो आणि पुढच्या उजळणीला जास्त थांबता येतं.

२९ जून

चक्राचा चोविसावा दिवस, म्हणजे दुसऱ्या फेरीतला आठवा. पाचवा कप्पा पहिल्यांदाच भरलेला उघडला. कार्डं निघाली १३१. वर पहिल्या कप्प्यातली रोजची होतीच. बाहेर पाऊस कोसळतोय, लाइट गेलेली, आणि ही मेणबत्तीपाशी दहाच्या पुढे कार्डं उलटत बसलेली. शेवटची चाळीस तर तिने झोपेतच केली, त्यांचा निकाल धरण्यात अर्थ नाही.

माझ्या चक्रात दोन ठिकाणी खोट होती. एक तर काम सारखं वाटलं जात नाही. पाचवा कप्पा सोळा दिवस साठत जातो आणि एकाच दिवशी अंगावर येतो. दुसरी खोट मला आज कार्डांच्या मागच्या तारखा बघताना कळली. चौथा कप्पा ४ आणि १२ ला उघडतो, पाचवा ८ ला. म्हणजे ४ ला पुढे गेलेलं कार्ड चार दिवसांनी भेटतं आणि १२ ला गेलेलं बारा दिवसांनी. दोन्ही तितकीच पक्की, दोघांना न्याय वेगळा. अंतर कार्डाने ठरवायला हवं, ते माझ्या कॅलेंडरने ठरवलं.

१ जुलै

कप्पे काढून टाकले. त्यांच्या जागी १ ते ३१ अशा तारखांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केल्या. आता कार्ड थेट त्याच्या पुढच्या तारखेमागे जातं. पायऱ्या पाचच: १ दिवस, ३, ७, १५, ३०. कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने पायरीचा आकडा. आज ७ ची पायरी पार केलेलं कार्ड १६ तारखेच्या पट्टीमागे, चुकलेलं उद्याच्या पट्टीमागे. सकाळी आजची पट्टी उघडायची आणि तेवढंच करायचं. अ‍ॅपही आतून असंच करतात, फक्त तिथे प्रत्येक कार्डाचं अंतर वेगळ्या गतीने वाढतं. आमच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच. कागदावर तेवढं पुरे.

नव्या कार्डांचा हिशोबही आज बसून केला. खरं तर तो आधी करायला हवा होता. कधीच चुकलं नाही तर एक कार्ड पाच वेळा भेटतं. पण शंभरात पंधरा चुकतात असं धरलं, तर सलग पाच वेळा बरोबर यायची शक्यता ०.८५ पाच वेळा गुणून येते, म्हणजे ४४ टक्के. निम्म्याहून जास्त कार्डं एकदा तरी घसरून खाली येणार. सगळं जमेस धरलं तर एका कार्डामागे सरासरी आठाहून थोड्या जास्त भेटी पडतात. रोज पंधरा नवी घेतली, तर गाडी सुरळीत लागल्यावर रोज सव्वाशेच्या आसपास कार्डं. दहा घेतली तर चौऱ्याऐंशी.

पहिल्या आठवड्यात पंधरा अगदी सोपी वाटतात, कारण तेव्हा फक्त तीच असतात. बिल तीन-चार आठवड्यांनी येतं. आजपासून दहा. क्लासचे आठवड्याला साठ त्यात बसतात.

११ जुलै

चार वेळा घसरलेल्या कार्डाचा कोपरा लाल करायचा असं ठरवलं होतं. आज मोजली, तेवीस. एकूण कार्डांच्या मानाने थोडी, पण सकाळचा निम्मा वैताग याच तेविसांचा. ती रोज येतात, रोज चुकतात, उद्याच्या पट्टीत जातात. जास्त घोकून ती सुटत नाहीत हे आता दिसतंच आहे, तेव्हा कार्डातच काहीतरी बिघडलेलं असणार.

तेवीसही कार्डं टेबलावर पसरली आणि नेमकं काय चुकतं ते पाहिलं. चार कार्डांचा मराठी प्रश्नच मोघम होता. पाच एकमेकांत गुंतणारी होती, त्यांच्याकडे नंतर बघू. उरलेल्या चौदांत शब्द बरोबर येत होता, उपपद चुकत होतं. आणि चुका कशाही नव्हत्या. ताप तिने 'डेर' म्हटला, नाक 'डास', खिडकी 'डी'. म्हणजे मराठीतलं लिंगच ती जर्मन शब्दाला लावत होती.

इंग्रजीवाल्याला 'टेबल पुल्लिंगी का' हेच पटत नाही. आपल्याला तो प्रश्न पडत नाही, तीन लिंगं घरचीच आहेत. पण त्यामुळेच ही पंचाईत. जिथे लिंग जुळतं तिथे कार्डं भराभर पुढे गेली आहेत: पाऊस आणि वारा दोन्हीकडे तो, जखम दोन्हीकडे ती, पाणी, मीठ, रक्त, जाळं दोन्हीकडे ते. मासाही तिकडे पुल्लिंगीच, डेर फिश. जिथे जुळत नाही तिथे मराठी कान आड येतो. चौदाच्या चौदा न जुळणारी निघाली.

१३ जुलै

उपाय भाचीलाच सापडला, आणि तो मराठी माणसालाच सापडू शकतो.

रात्री लाइट नव्हती, डास फोडून काढत होते. मी हिला विचारलं, "ताप?" ही म्हणाली, "डेर फीबर." मी म्हटलं, "डास." ही म्हणाली, "हो मामा, खूप आहेत, कासव लावू का?" आणि मग दोघंही हसत सुटलो. डास फीबर! डास चावला की ताप. कान, डास ओर: कानाशी गुणगुणतो. खिडकी, डास फेन्स्टर: तिथूनच तर येतात. डोळा, डास आउगे: स्कूटरवर हमखास डोळ्यात जातो. होडी, डास बोट: खाडीत नांगरलेल्या होडीत पावसाचं पाणी साचून डासच डास. सुरीला मात्र काही जमेना. डास मेसरमध्ये डास कुठे बसवायचा? ती तशीच ठेवली. ओढूनताणून प्रत्येक वस्तूवर डास बसवला तर कुठलाच आठवणार नाही.

'डी' आणि 'डेर'साठी वेगळी युक्ती केली. मुद्दाम अशुद्ध मराठी वाक्य. पोट जर्मनमध्ये पुल्लिंगी, डेर बाउख: "माझा पोट दुखतो." हात तिकडे स्त्रीलिंगी, डी हान्ट: "माझी हात सुजली." नाक, डी नाझे: "तुझी नाक लाल झाली." ऐकताना कानाला इतकं टोचतं की विसरायला होत नाही. आतून तिची मामी ओरडली, "अगं, हे काय बोलायला लागलीस? जर्मनीला जायच्या आधीच मराठी विसरलीस?"

एक काळजी घेतली. हे वाक्य उत्तराच्या बाजूला लिहिलं. प्रश्नाच्या बाजूला लिहिलं असतं तर उत्तर तिथेच फुटलं असतं आणि कार्ड फुकट पुढे सरकलं असतं.

२४ जुलै

दमट हवेने कार्डं वाकली आहेत, काहींना बुरशीचे ठिपके. त्यातून एक गंमत उघडी पडली. 'बिछाना' हे कार्ड ती वाचायच्या आतच उत्तर देत होती. का, तर त्याच्या कोपऱ्याला चहाचा डाग आहे. ती डागाला उत्तर देत होती. संशय आला म्हणून डाग पडलेली, दुमडलेली अकरा कार्डं कोऱ्या कागदावर उतरवून परत विचारली. चार गेली.

आता डाग पडला की कार्ड बदलायचं. खोक्यात कापडाच्या पुरचुंडीत मीठ ठेवून बघितलं, दोन दिवसांत पाणी सुटलं. आता भाजलेले तांदूळ ठेवलेत आणि ते बरे चाललेत.

९ ऑगस्ट

गुंतणाऱ्या पाच कार्डांची गोष्ट. क्युशे म्हणजे स्वयंपाकघर, किर्शे म्हणजे चर्च, कुखन म्हणजे केक. तिन्ही एकाच आठवड्याच्या यादीत होती, एकाच दिवशी खोक्यात गेली, म्हणून एकाच दिवशी परत भेटत राहिली. दर वेळी तिघांची झटापट. आता क्युशे एकटं चालू ठेवलं आणि बाकीची दोन बाजूला काढली. क्युशे १५च्या पायरीला पोचलं की कुखन घालायचं, ते स्थिरावलं की किर्शे.

उरलेली जोडी मात्र हर्णैच्या माणसाला सोडवायलाच हवी अशी. झे म्हणजे तलाव आणि झे म्हणजे समुद्रही. डेर झे तलाव, डी झे समुद्र. शब्द तोच, फरक फक्त लिंगात. मराठीत तलावही तो, समुद्रही तो, त्यामुळे कानाचा काही आधार नाही. ही जोडी एकेक करून सुटली नसती, कारण मुद्दाच फरकाचा आहे. म्हणून दोन्हींसाठी मिळून एकच कार्ड केलं: "हर्णै बंदरासमोर कोणतं झे?" मागे: "डी, ती. कोळ्यांची आई." तलावाचं वेगळं कार्ड ठेवलंच नाही. समुद्राला आई म्हणायची इथल्यांना सवय आहेच.

क्लासच्या याद्या विषयवार असतात: एका आठवड्यात सगळे रंग, एका आठवड्यात सगळे अवयव. वहीत ते नीटनेटकं दिसतं, पण सारखे शब्द एका दिवशी शिकले की एकमेकांच्या जागेवर बसतात. आता यादी आली की मी कार्डं पिसून पुढच्या दोन आठवड्यांत पसरतो.

२० ऑगस्ट

२७ला गणपती. गौरी-गणपतींचं विसर्जन २ सप्टेंबरला. मुंबईची मंडळी येणार, घरात पंचवीस माणसं, कार्डांना कोण विचारतो. सुट्टीत उजळणी करू असले संकल्प न करता आजपासून नवी कार्डं बंद केली. उशिराने सगळ्यात जास्त नुकसान कोवळ्या कार्डांचं होतं, म्हणून गणपतीपर्यंत कोवळं कार्डच शिल्लक राहू नये असा बेत.

३ सप्टेंबर

आठ दिवसांच्या पट्ट्यांत मिळून २१७ कार्डं. भाचीने एका बैठकीत संपवायचा आग्रह धरला. मी २९ जूनच्या रात्रीची आठवण करून दिली.

गठ्ठा पायरीप्रमाणे वेगळा केला. १ दिवसाची थोडी होती, ती सरळ नव्या गठ्ठ्यात परत टाकली. एका दिवसाचं कार्ड आठ दिवस पडून राहिलं तर ते गेलंच म्हणायचं, आणि त्यात गुंतलेले कष्टही फारसे नाहीत. मग ३ आणि ७ ची आधी. १५ आणि ३० ची शेवटी, त्यांना आठवडाभराचा उशीर फारसा लागत नाही. रोजच्या पट्टीखेरीज पन्नास. नवी अजून बंदच.

आणखी एक केलं. ७ चं कार्ड खरोखर पंधरा दिवसांनी विचारलं गेलं आणि तरीही बरोबर आलं, तर ते १५ वर न नेता ३० वर नेलं. पंधरा दिवस टिकल्याचा पुरावा त्याने आधीच दिलाय.

८ सप्टेंबर

गठ्ठा संपला. नवी उद्यापासून, पहिला आठवडा पाचच.

१२ ऑक्टोबर

३ जूनची ती साठ शब्दांची यादी फाइलमधून काढली आणि तशीच मधून मधून विचारली. बावन्न आले. न आलेल्या आठांपैकी तीन लाल कोपऱ्याची, त्यात डास मेसर आहेच. जुलैतल्या न जुळणाऱ्या चौदांपैकी अकरा आता ३०च्या पायरीवर आहेत.

पण संध्याकाळी क्लासच्या ऑडिओत एक बाई भराभर बोलत होती. भाचीला तिच्या बोलण्यातला बाउख ऐकूच आला नाही, आणि कागदावर तो तिला झोपेतही येतो. मराठी वाचून जर्मन म्हणायची सवय लागली आहे, जर्मन ऐकून मराठी ओळखायची नाही. आमचं एकही कार्ड कानाने शिकवत नाही. ३०ची पायरी पार केलेली कार्डं आता मी उलट्या बाजूने वाचतो. ती माझ्याकडे पाठ फिरवून बसते आणि नुसतं ऐकून अर्थ सांगते. माझा उच्चार ऐकून जर्मन माणूस काय म्हणेल ते जाऊ दे, म्हणून अर्धी कार्डं ऑडिओतली वाक्यं थांबवून थांबवून करतो.

पहिल्या दिवशी अशी वीस केली, नऊ आली. बाउख विचारलं तर तिने थोडं थांबून म्हटलं, "माझा पोट दुखतो," आणि आतून मामीचा आवाज आला, "ओवा देऊ का गं?"